मशीन फेब्रुवारीत विकलं, नवं आलं एप्रिलमध्ये

प्रश्न : आमच्या दोन मशीनपैकी जुनं फेब्रुवारीत 11 लाखांना विकलं. घसारा जाऊन रजिस्टरमध्ये त्याची किंमत 4 लाख उरली होती. नव्या 6 लाखांच्या मशीनसाठी मार्चमध्ये ॲडव्हान्स दिला, पण मशीन आणि बिल दोन्ही 9 एप्रिलला आलं. अकाउंटंट म्हणतात, 7 लाख ‘बॅलन्सिंग चार्ज’ म्हणून धंद्याच्या उत्पन्नात धरा. धरायचे का?

उत्तर : नाही. बॅलन्सिंग चार्ज, म्हणजे एकेका मशीनच्या विक्रीवरचा असा फरक धंद्याचं उत्पन्न धरणं, आता सरळ रेषा पद्धतीने घसारा घेणाऱ्या वीजनिर्मिती उद्योगांपुरता उरला आहे. तुम्हाला 1961च्या आयकर कायद्याचं कलम 50 लागतं आणि तिथे एकट्या मशीनची किंमत कोणी विचारत नाही. 15 टक्के घसाऱ्याची सगळी यंत्रं मिळून एक ब्लॉक होतो. त्या ब्लॉकची घसारा जाऊन उरलेली किंमत तुमच्या विवरणपत्रातल्या घसारा तक्त्यात आहे. तो तुम्ही पाठवला नव्हता, मला दोनदा मागावा लागला : वर्षाच्या सुरुवातीला 9 लाख.

म्हणजे 11 वजा 9, नफा 2 लाख, 7 नव्हे. विक्रीचा थेट खर्च, दलाली वगैरे, त्यातूनही वजा होतो. मशीन किती वर्षं वापरलं याला महत्त्व नाही. हा अल्पमुदतीचा भांडवली नफाच, आणि त्यावर तुमच्या नेहमीच्या दराने कर. शिवाय ब्लॉक शून्यावर आला, त्यामुळे दुसरं मशीन रोज चालत असलं तरी यंदा घसारा नाही.

आता तारीख. कलम 50 त्याच वर्षात ‘संपादन केलेल्या’ मालमत्तेची किंमत ब्लॉकमध्ये मिळवू देतं. नवं मशीन 31 मार्चपर्यंत तुमच्या मालकीचं झालं असतं, तर 9 अधिक 6 वजा 11, म्हणजे 4 लाख शिल्लक आणि नफा शून्य. ते तोवर सुरू झालं नसतं तरी हे गणित बदललं नसतं; सुरू होण्याची अट घसाऱ्याला आहे. त्याच पैशात कॉम्प्युटर घेऊन मात्र उपयोग नव्हता, त्यांचा ब्लॉक 40 टक्क्यांचा, वेगळा.

ॲडव्हान्स म्हणजे मालकी नव्हे. ठरावीक क्रमांकाचं तयार मशीन मार्चमध्येच तुमच्या नावे बाजूला काढलं होतं, असं करारातून आणि पत्रव्यवहारातून दिसत असेल तर वाद घालता येईल. तो टिकेलच असं मी म्हणणार नाही. विक्रेत्याकडून मागच्या तारखेचं बिल मात्र आणू नका. ई-वे बिलावर एप्रिलची तारीख आहे.

मागच्या वर्षांचा धंद्यातला तोटा या 2 लाखांतून वजा होतो का, यावर निवाडे एकसारखे नाहीत. तसा तोटा असेल तर आकडे घेऊन या, आणि या वेळी घसारा तक्ता सोबत आणा.