पोर्टफोलिओला पासवर्ड लावल्याने काम गोपनीय राहत नाही

प्रश्न : मी सहा महिने डिझाइन इंटर्न आहे, शेवटचा आठवडा उरला आहे. ॲपमध्ये पैसे भरण्याच्या नव्या स्क्रीन मी केल्या; पाच पायऱ्यांचे काम त्यांत तीन पायऱ्यांत होते. त्या अजून ग्राहकांपर्यंत पोहोचलेल्या नाहीत. एनडीएवर, म्हणजे गोपनीयतेच्या करारावर, सही केली आहे. नावे पुसट करून आणि पासवर्ड लावून त्या पोर्टफोलिओत टाकल्या तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. एनडीएमध्ये सहसा बंदी असते ती माहिती कंपनीबाहेरच्या व्यक्तीला उघड करण्यावर, आणि ती एकाला दाखवली की हजारांना, याने फरक पडत नाही. तुम्ही ज्याला पासवर्ड देणार तो मुलाखतकार बाहेरचाच आहे. तो बहुधा त्याच क्षेत्रातला, म्हणजे कदाचित प्रतिस्पर्धी कंपनीतलाही असेल.

नावे पुसट केल्यानेही प्रश्न सुटत नाही, कारण इथे गुपित आहे ते ग्राहकाच्या नावात नसून पाच पायऱ्यांचे काम तीन पायऱ्यांत कसे बसवले जाणार आहे यात आहे, आणि ते मांडणीवरूनच कळते. शिवाय झाकलेले झाकलेलेच राहील याची खात्री नसते. पीडीएफमध्ये मजकुरावर काळा चौकोन ओढला तरी खालची अक्षरे पुष्कळदा निवडून कॉपी करता येतात. गूगलच्या पिक्सेल फोनमधील साधनाने कापलेल्या स्क्रीनशॉटचा वगळलेला भाग काही वेळा परत मिळवता येतो, हे २०२३ मध्ये उघड झाले होते.

आता करार काढून शांतपणे वाचा. ‘गोपनीय माहिती’ची व्याख्या किती व्यापक आहे, त्यातून काय वगळले आहे (आधीच सार्वजनिक असलेली माहिती बहुधा वगळलेली असते) आणि इंटर्नशिप संपल्यावर बंधन किती काळ राहते, ही तीन कलमे महत्त्वाची आहेत. कामाच्या मालकीचे कलम वेगळे असते. तुम्ही केलेल्या स्क्रीनचा मालकी हक्क बहुतेक वेळा कंपनीकडे जातो, त्यामुळे गुप्तता संपली तरी त्या प्रसिद्ध करण्याचा हक्क आपोआप तुमच्याकडे येत नाही.

आज काय लिहिता येईल? कंपनीचे नाव, तुमचे पद, कालावधी आणि कंपनीनेच जाहीर केलेल्या उत्पादनावर काम केल्याचा उल्लेख सहसा चालतो. मात्र करारात कंपनीचे नाव वापरण्यावर बंदी नाही ना, हे पाहा. ‘पैसे भरण्याची प्रक्रिया तीन पायऱ्यांवर आणून चाचणीत अर्धवट सोडणाऱ्यांचे प्रमाण बारा टक्क्यांनी घटवले’ हे वाक्य प्रभावी वाटते, पण त्यात येऊ घातलेला बदल आणि कंपनीचा अंतर्गत आकडा अशा दोन्ही गोष्टी फुटतात. त्याऐवजी ‘ग्राहकांच्या मुलाखती घेऊन प्रक्रियेतील अडचणी शोधल्या, प्रतिरूपे तयार करून त्यांची चाचणी घेतली’ असे लिहिले तर कौशल्य दिसते आणि गुपित राहते. हे वाक्य फिके आहे हे मान्य. पण निवड करणाऱ्यांना अशी वाक्ये परिचयाची असतात आणि त्यांचे कारणही त्यांना ठाऊक असते.

यापेक्षा अधिक हवे असेल तर याच आठवड्यात लेखी परवानगी मागा. ‘पोर्टफोलिओत काही टाकू का?’ असे मोघम विचारले तर उत्तरही मोघम येते. नेमका मजकूर, नेमक्या दोन-तीन प्रतिमा आणि त्या केव्हा प्रसिद्ध करणार (समजा, ग्राहकांना नवी आवृत्ती मिळाल्यानंतर) हे सर्व कळवा आणि परवानगी देण्याचा अधिकार कोणाला आहे, हेही विचारा, कारण तो तुमच्या मॅनेजरला असेलच असे नाही. एका इंटर्नशिपमध्ये माझ्या मॅनेजरने जिन्यात ‘हो, टाक की’ म्हटले होते. दोन महिन्यांनी विधी विभागाचा मेल आला तेव्हा त्या होकाराचा कुठेही पुरावा नव्हता आणि मला सगळे पान उतरवावे लागले. परवानगीचे उत्तर आणि मंजूर प्रतिमा कंपनीनेच तुमच्या खासगी पत्त्यावर पाठवाव्यात, अशी विनंती करा. स्वतः त्या फाइली वैयक्तिक मेलवर धाडू नका. पुढे काहीही प्रसिद्ध केले नाही तरी तेवढ्यानेच कराराचा भंग होऊ शकतो.

स्क्रीन बाजारात आल्यावर सार्वजनिक होते ते फक्त कोणत्याही ग्राहकाला दिसते तेवढेच. फेटाळलेले पर्याय, ग्राहकांच्या मुलाखतींच्या नोंदी आणि अमुक रचना का निवडली याची अंतर्गत कारणे तेव्हाही गोपनीयच राहतात. गंमत अशी की पोर्टफोलिओतल्या केस स्टडीला जीव येतो तो नेमका याच भागामुळे, आणि बहुतेक इंटर्न घसरतात तेही इथेच.

तोवर रिकामी जागा भरायला स्वतःचा एखादा प्रकल्प करा, पण त्याच स्क्रीनचे रंग आणि बोधचिन्ह बदलून नव्हे; ग्रंथालयातील पुस्तक आरक्षित करण्यासारखे वेगळे क्षेत्र घ्या आणि तीच पद्धत तिथे दाखवा. मुलाखतीत तोंडी सांगणे हेही उघड करणेच असते, म्हणून कोणी खोदून विचारले तर ‘ते उत्पादन अजून बाहेर आलेले नाही, पण त्या धाटणीचा प्रश्न मी कसा सोडवतो ते या दुसऱ्या प्रकल्पावर दाखवतो’ एवढे सांगा आणि ग्रंथालयाचे पान उघडा.