चिठ्ठीत कारण नको, पण तारखा चुकू देऊ नका

प्रश्न : मी खाजगी अनुदानित शाळेत कायम शिक्षिका आहे आणि सातवीची वर्गशिक्षिका. घरच्या कारणामुळे वर्ष अर्धवट सोडून लगेच जावं लागतंय. कारण कुणालाच सांगायचं नाही. संस्थेच्या सचिवांशी मागे खटके उडाले आहेत. मुलांना निरोपाची चिठ्ठी द्यायची आहे, पण मुख्याध्यापिका म्हणतात, ‘कशाला उगाच लेखी?’ चिठ्ठीमुळे पुढे अडचण येईल का?

उत्तर : मुलांना कारण सांगण्याची कायद्याने सक्ती नाही. राजीनाम्यातही ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढं पुरतं. अडचण येते ती चिठ्ठी आणि राजीनामा यांच्या तारखा उलटसुलट झाल्या की. म्हणून आधी राजीनामा.

तुम्हाला १९७७ चा महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी अधिनियम लागू होतो. त्याच्या कलम ७ नुसार राजीनाम्याच्या दोन प्रती काढायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत संस्थेला नोंदणीकृत टपालाने पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. पाकिटावर पत्ता संस्थेचा हवा. नुसतं मुख्याध्यापिकेच्या टेबलावर पत्र ठेवून भागत नाही. कोऱ्या कागदावर सह्या घेऊन शिक्षकांना घरी पाठवण्याच्या प्रकारांना आळा बसावा, म्हणून हा टपालाचा खटाटोप आहे. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तेव्हा काउंटरवर नोंदणीची सोय जोडून मागा आणि पावती जपून ठेवा.

कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. लगेच जायचं तर भत्ते सोडून तीन महिन्यांचं वेतन तुमच्याकडून भरून घेऊन संस्था तुम्हाला सोडू शकते. मूळ वेतन समजा ५०,००० असेल, तर १,५०,००० रुपये. मात्र ही परवानगी संस्थेने द्यायची असते, तुम्ही गृहीत धरायची नाही. कार्यमुक्तीचं पत्र हातात येण्याआधी ‘उद्यापासून मी नसेन’ अशी चिठ्ठी वर्गात फिरली आणि परवानगी लांबली, तर ‘बाई न सांगता निघून गेल्या’ म्हणायला संस्थेला तुमच्याच अक्षरातला कागद मिळतो. शिवाय राजीनामा मंजूर होईपर्यंत सहसा मागे घेता येतो. घरची परिस्थिती बदलली, तर मुलांना दिलेला निरोप मात्र परत घेता येणार नाही.

आता चिठ्ठीचा मजकूर. सचिवांशी बिनसलेलं असताना हात सुटतो आणि ‘खरं कारण तुम्हाला एक दिवस कळेलच’ असं काहीतरी लिहिलं जातं. नाव नसलं तरी रोख कुणावर आहे हे गावभर कळतं, आणि बदनामीच्या तक्रारीला (भारतीय न्याय संहिता, कलम ३५६) तेवढा आधार पुरतो. उलट टोकाची चूकही होते. राजीनाम्यासाठी तुमच्यावर दबाव असेल, तर आधी सहीच करू नका. सही झालीच असेल, तर शाळा न्यायाधिकरणाकडे कलम ९ खाली ३० दिवसांत दाद मागायची असते, आणि तिथे ‘मी स्वतःच्या आनंदाने निघाले आहे’ ही तुमचीच ओळ विरोधी वकील मोठ्याने वाचून दाखवतो. तेव्हा स्वखुशी नको आणि नाइलाजही नको. फक्त दिवस आणि काम लिहा :

‘प्रिय सातवी ब, शुक्रवार हा तुमच्या वर्गावरचा माझा शेवटचा दिवस. अपूर्णांक आपण पूर्ण केले आहेत, भूमितीपासून पुढचं नवे शिक्षक शिकवतील. तपासलेल्या वह्या कपाटात वरच्या कप्प्यात आहेत. तुमच्यापैकी कुणामुळेही मी जात नाही. खिडकीतल्या रोपाला पाणी घालायची पाळी मोडू नका. – तुमच्या बाई’

‘कुणामुळेही जात नाही’ हे वाक्य मी मुद्दाम ठेवलं आहे, कारण बाई अचानक गेल्या की मुलांना पहिली शंका स्वतःचीच येते. फक्त एखाद्या पालकाची तक्रार चालू असेल, तर ते गाळा. ‘अडलं तर घरी शिकायला या’ हेही नको. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही, आणि कार्यमुक्त होईपर्यंत तुम्ही शिक्षकच आहात.

मुख्याध्यापिकांचा आक्षेप उडवून लावू नका. शाळेच्या आवारात काय वाटायचं हे त्या ठरवू शकतात. हा मसुदा दाखवा, खाली ‘पाहिले’ आणि तारखेसह सही घ्या, आणि शेवटच्या तासाला तो वर्गात वाचून दाखवा. त्या सही देत नसतील, तर कागद न वाटता तेवढीच वाक्यं तोंडी सांगा. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर ती टाकू नका, कारण तिथे खाली चौकशा सुरू होतात आणि रात्री अकराला दिलेलं एखादं उत्तर चिठ्ठीत टाळलेलं सगळं सांगून जातं. सही झालेल्या चिठ्ठीचा फोटो काढून टपालाच्या पावतीसोबत फाइलला लावा.