आधी विचारा, मोबदला कुणाच्या हाती जाणार?

कंपनीच्या पुनर्रचनेचं पहिलंच काम हाती आलं, तर कलमं पाठ करत बसू नका. समजा, कंपनीला रंगाचा कारखाना वेगळा करायचाय. पैसे कंपनीलाच हवेत, तर स्लम्प सेल, म्हणजे अख्खा व्यवसाय एकरकमी विकणं. भागधारकांना नव्या कंपनीचे शेअर द्यायचे, तर डीमर्जर. अख्खी कंपनीच दुसरीत विलीन होणार असेल, तर मर्जर.

मर्जर-डीमर्जरची योजना साधारणपणे एनसीएलटीकडे, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाते. त्याच्या आदेशाने भरणाऱ्या भागधारकांच्या आणि धनकोंच्या सभांत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी बहुसंख्य आणि मूल्याने तीन चतुर्थांश मंजुरी लागते. मग न्यायाधिकरणाच्या आदेशानेच करार नव्या कंपनीकडे जातात.

स्लम्प सेलला पब्लिक कंपनीत विशेष ठराव पुरतो, म्हणून नवखे तिकडे धावतात. पण बँक, घरमालक, पुरवठादार यांची संमती एकेक करून आणावी लागते. करारात यंत्राची, मालाची वेगवेगळी किंमत लिहू नका. एकच रक्कम हवी. अपवाद फक्त मुद्रांक शुल्कासारख्या कारणापुरता.