प्रश्नोत्तरे: पायलटचा आकडा आधी कागदावर

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांत एकच गोंधळ वारंवार दिसतो. पैसे लावण्याआधी छोटी चाचणी, म्हणजे पायलट, करावी, हे सगळ्यांना पटलंय. पण "जमलं" कशाला म्हणायचं, हे चाचणीआधी कुणीच ठरवत नाही. म्हणून आजची उत्तरं त्याच विषयावर.

सर, पायलटवर एकूण भांडवलाच्या किती टक्के खर्च करावा?

टक्केवारी नसते. पूर्ण बुडाली तरी घरचा किराणा आणि मुलांची फी थांबणार नाही, एवढीच रक्कम लावा.

हिंगणा रोडवर इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी डब्ब्याचं किचन टाकायचं आहे. साडेसहा लाख लागतात, कर्ज काढू. बहिणी आणि शेजारणी म्हणतात, तुझ्या हातची चव आहे, चालणारच. एप्रिलमध्ये पंधरा दिवस करून पाहू का?

ताई, एप्रिलमध्ये नको आणि पंधरा दिवसही नको. परीक्षा आटोपल्या की तिकडच्या खोल्या रिकाम्या होतात. जुलै-ऑगस्टमध्ये प्रवेश झाले की सुरू करा आणि दिवाळीच्या सुटीआधी संपवा.

आता तुमच्याच पत्रातले आकडे घेऊ. महिन्याला 26 डब्बे, 2,600 रुपये, म्हणजे डब्बा 100 रुपयांचा. किराणा, भाजी, गॅस, पोचवणं, धुणं मिळून 72 रुपये धरलेत. हाती राहिले 28, म्हणजे एका गिऱ्हाइकामागे महिन्याला 728 रुपये. मोठ्या किचनचं भाडं, आचारी, मदतनीस, वीज आणि कर्जाचा हप्ता मिळून तुम्ही 58,000 लिहिलेत. त्याला 728 ने भागा. 80 गिऱ्हाइकं झाली की तोटा थांबतो, आणि तुमच्या हाती तेव्हाही काहीच पडत नाही.

म्हणजे चव चांगली आहे का, हा प्रश्नच नाही. अनोळखी मुलं पुन्हा पैसे भरतात का, हा प्रश्न आहे. पायलट त्याच्यासाठीच करायचा. घरच्याच स्वयंपाकघरातून 25 डब्बे द्या, पैसे पंधरवड्याचे आगाऊ घ्या आणि दोन महिने चालवा, म्हणजे पैसे पुन्हा भरायची वेळ तीनदा येईल. नात्यातलं, ओळखीतलं गिऱ्हाईक मोजायचं नाही. सवलत द्यायची नाही. डब्बे मुलगा गाडीवर पोचवून देईल असं लिहिलंय, तेही नको. पोरगा पगारावर ठेवा, नाहीतर पोचवण्याचा खरा खर्च कळणारच नाही.

आणि पहिला डब्बा भरण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहा. महिनाअखेर 25 पैकी 18 किंवा जास्त टिकले तर पुढे जायचं. 12 किंवा कमी उरले तर थांबायचं. मधे अडकलं तर एकच गोष्ट बदलायची, एक महिना आणखी द्यायचा आणि त्यानंतर मुदत नाही.

18 हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. एका महिन्यात 25 पैकी 7 गळाले, तर 80 गिऱ्हाइकांवर दर महिन्याला साधारण 22 गळतील, म्हणजे तेवढी नवी आणावी लागतील. म्हणून पहिली 25 मिळवायला किती दिवस लागले तेही तारखेनिशी लिहा. तीन आठवड्यांत मिळाली असतील तर महिन्याला 22 जमतील. दोन महिने लागले असतील तर 18 टिकूनही गणित बसत नाही. आणि 12 च उरले तर महिन्याला 42 नवी लागतील. ती कुठून आणणार? डब्ब्याचा खर्चही रोज टिपा. 72 चा 76 झाला की तोटा थांबवायलाच 80 ऐवजी 93 गिऱ्हाइकं लागतात.

कागद आधीच का, हे कळकळीने सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याच सल्ल्याने एका कुटुंबाने अशीच चाचणी केली होती. आकडा ठरला होता, पण तोंडी. निकाल कमी आला तेव्हा "पावसामुळे झालं", "तो महिना सणांचा होता" अशी कारणं निघाली आणि बोलता बोलता आकडाच खाली सरकला. मी ते लिहून घेतलं नव्हतं, ही माझी चूक. त्यांनी पैसे लावले आणि दीड वर्षात घरातलं सोनं गहाण गेलं. चुलीजवळ दोन महिने घाम गाळल्यावर माणूस आकड्याकडे तटस्थपणे पाहूच शकत नाही. म्हणून कागदावर तारीख घाला, नवरा-बायको दोघांनी सही करा आणि एक प्रत तुमच्या सीएकडे ठेवा. अनोळखी लोकांना अन्न विकताय, तर एफएसएसएआय नोंदणीही आधी करून घ्या. बँकेत अर्ज देण्यापूर्वी पायलटची वही सीएला दाखवा.

पायलटमध्ये नफा नाही झाला, म्हणजे फेल का?

नाही. छोट्या प्रमाणावर माल महागच पडतो. ठरवलेला आकडा गाठला का, तेवढं पाहा.

प्रदर्शनात संत्र्याच्या ज्यूसचं मशीन पाहिलं. रस एकदम मस्त होता. बाटलीबंद विकायचा विचार आहे. ऑफर 31 तारखेपर्यंतच आहे, घेऊ का?

31 तारीख जाऊ द्या. तारीख त्यांच्या विक्रीची आहे, तुमच्या धंद्याची नाही.

पिळल्याबरोबर आपल्या नागपुरी संत्र्याचा रस मस्तच लागतो. पण ठेवला की कडवटतो. फळात लिमोनिनचं एक चव नसलेलं पूर्वरूप असतं. रस निघाला की आम्लामुळे त्याचं हळूहळू कडू लिमोनिन होतं, आणि रस तापवला तर आणखी लवकर. बिया चिरडल्या किंवा पांढरा पापुद्रा रसात गेला तर त्रास वाढतो. प्रदर्शनातल्या मशीनवाल्याने यातलं काही दाखवलं नाही, कारण तुम्ही ग्लास तिथेच संपवलात.

कळमन्याच्या बाजारातून संत्र्याचा एक क्रेट आणा, मशीन भाड्याने किंवा दुसऱ्याकडे चालवून घ्या, रस टिकवायची पद्धत फूड टेक्नॉलॉजिस्टला विचारून तशाच बाटल्या भरा. पिळल्यावर लगेच, सहा तासांनी, दुसऱ्या दिवशी आणि विक्रीच्या शेवटच्या दिवशी 20 अनोळखी लोकांना कोणता रस कधीचा ते न सांगता ताज्या रसाबरोबर चाखायला द्या. शेवटच्या दिवसाच्या बाटलीला किती जणांनी "विकत घेईन" म्हटलं तर पुढे जायचं, तो आकडा क्रेट आणण्याआधी लिहा. आणि आंबिया बहारात एकदा, मृग बहारात एकदा करा. दोन्ही बहारांची फळं सारखी नसतात.

दीड वर्षापासून मसाले घरूनच छोट्यावर विकतो. मोठं करू की आणखी पाहू?

भाऊ, दीड वर्षाला पायलट म्हणत नाहीत. शेवटची तारीख ठरवली नव्हती, म्हणून संपत नाही. गेल्या सहा महिन्यांची बिलं काढा, दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा घेणारी गिऱ्हाइकं वेगळी मोजा आणि मोठ्या जागेचा महिन्याचा खर्च शेजारी लिहा. ती वही घेऊन या महिन्यातच एखाद्या सीएकडे किंवा जिल्हा उद्योग केंद्रात जा.