वेगळे नंबर किती, हे सगळे नंबर न साठवता मोजण्याविषयी

प्रश्न: कापसाचे भाव सांगणाऱ्या आमच्या सेवेवर रोज लाखो कॉल येतात आणि एकच माणूस दिवसातून पाच-दहा वेळा विचारतो. वेगवेगळे मोबाइल नंबर किती, हे सगळे नंबर मेमरीत न ठेवता मोजता येते का? मशीन लहान आहे.

उत्तर:

येते, आणि त्यासाठी प्रत्येक मोजणीमागे सुमारे १२ किलोबाइट जागा पुरते. उत्तर अंदाजे असते. चूक साधारणपणे एका टक्क्याच्या आत राहते. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून अशीच एक सेवा काही हंगाम चालवली आहे, त्यामुळे पद्धतीबरोबर ती कुठे फसते तेही सांगतो.

कोणी तुम्हाला म्हणाले की नाणे उडवताना सुरुवातीलाच ओळीने दहा छापे पडले, तर त्याने असे बरेच डाव मांडले असणार, हजाराच्या आसपास, हे तुम्ही ओळखाल. हीच युक्ती येथे आहे. प्रत्येक नंबरचा हॅश काढायचा, म्हणजे त्या नंबरचे शून्य-एकच्या लांब रांगेत असे रूपांतर करायचे की ती रांग नाणे उडवून लिहिल्यासारखी दिसेल, पण त्याच नंबरला नेहमी तीच रांग मिळेल. रांगेच्या सुरुवातीला किती शून्ये आली ते पाहायचे आणि आजवरची सर्वांत मोठी संख्या तेवढी लक्षात ठेवायची. तोच शेतकरी शंभरदा फोन करो, त्याची रांग तीच असल्यामुळे ही कमाल संख्या हलत नाही. पुनरावृत्ती आपोआप गळून जाते ती यामुळेच. फिलिप फ्लाजोले आणि नायजेल मार्टिन यांनी १९८० च्या दशकात ही कल्पना मांडली. तिचे आज सर्वत्र वापरले जाणारे रूप हायपरलॉगलॉग या नावाने ओळखले जाते आणि ते फ्लाजोले व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडले.

एकाच कमाल संख्येवर विसंबणे मात्र धोक्याचे आहे, कारण एखाद्या नंबरच्या नशिबी योगायोगाने वीस शून्ये आली की अंदाज थेट दहा लाखांवर जातो. म्हणून हॅशच्या पहिल्या काही बिटांवरून खण ठरवतात आणि उरलेल्या बिटांतली शून्ये त्या खणापुरतीच मोजतात. समजा आपल्याकडे १६ खण आहेत. एका नंबरचा हॅश ०११००००१०११० असा सुरू होतो. पहिले चार बिट ०११०, म्हणजे सहावा खण. त्यापुढे तीन शून्यांनंतर चौथ्या जागी पहिला एक येतो, आणि ही जागाच नोंदवायची असते, म्हणून त्या खणासाठी ४ ही किंमत. खणात आधीच ४ किंवा त्याहून मोठी किंमत असेल तर काहीच करायचे नाही.

दिवसअखेर १६ खणांत पुढील किमती आहेत असे धरू: ७, ६, ८, ५, ६, ९, ७, ६, ५, ७, ६, ८, ७, ६, ५, १०. प्रत्येक किमतीइतका २ चा घात घेऊन त्याचा व्यस्त काढायचा (५ साठी १/३२, ६ साठी १/६४, असे) आणि सगळ्यांची बेरीज करायची. ती येते २१९/१०२४, म्हणजे सुमारे ०.२१४. मग खणांच्या संख्येचा वर्ग, २५६, याला १६ खणांसाठी ठरलेल्या ०.६७३ या गुणकाने गुणून त्या बेरजेने भागायचे. उत्तर सुमारे ८०६ वेगळे नंबर.

आता शेवटच्या खणात १० ऐवजी चुकून २० आले असते तर? बेरजेतला १/१०२४ हा इवलासा भाग जवळजवळ नाहीसा होतो आणि उत्तर ८०९ येते, बस्स. व्यस्तांच्या बेरजेवरून काढलेली ही सरासरी म्हणजे हरात्मक सरासरी; ती घेण्याचे कारण हेच आहे, आणि मला या पद्धतीतला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. हीच गणना खणांतल्या किमतींची साधी सरासरी काढून केली असती, तर त्या एका योगायोगाने अंदाज दीडपट झाला असता.

१६ खणांत नेहमीची चूक २६ टक्क्यांच्या घरात असते, म्हणून ते केवळ समजण्यापुरते. चूक १.०४ भागिले खणांच्या संख्येचे वर्गमूळ इतकी असल्याने खण चौपट केले की ती निम्मी होते. Redis या मेमरीत माहिती ठेवणाऱ्या प्रणालीतल्या हायपरलॉगलॉगमध्ये १६,३८४ खण असतात आणि प्रत्येकाला ६ बिट पुरतात. त्यातूनच १२ किलोबाइट आणि ०.८१ टक्के हे आकडे येतात. तेथे `PFADD` ने नंबर टाकायचा आणि `PFCOUNT` ने मोजायचे. नंबर अगदी थोडे असतील तेव्हा वरचे सूत्र नीट चालत नाही. तेव्हा रिकामे खण मोजून अंदाज काढतात, पण तयार साधने ते स्वतःच सांभाळतात.

माझी चूक झाली ती हॅशमध्ये. मी Redis न वापरता स्वतःच पायथॉनमध्ये लिहिले होते आणि त्यात भाषेचे अंगभूत `hash()` वापरले होते. खण मी फाइलमध्ये जपून ठेवत असे. काही दिवशी वेगळ्या नंबरांचा आकडा एकाएकी फुगायचा, आणि मी तो वेचणीच्या हंगामातला खरा वाढता प्रतिसाद समजत होतो. वहीत लिहिलेल्या तारखा ताडून पाहिल्यावर लक्षात आले की फुगवटा नेमका लाइट गेलेल्या दिवशीच येतो. लाइट गेली की मशीन बंद पडायचे, आणि पायथॉन प्रत्येक नव्या सुरुवातीला मजकुराच्या हॅशसाठी नवे यादृच्छिक बीज घेतो. त्यामुळे सकाळचाच शेतकरी दुपारी वेगळ्या रांगेसह, म्हणजे नवा माणूस म्हणून, मोजला जात होता. उपाय म्हणजे कायम तोच राहणारा हॅश:

```python
import hashlib

def h64(num):
    d = hashlib.blake2b(num.encode(), digest_size=8).digest()
    return int.from_bytes(d, "big")
```

याची परीक्षा सोपी आहे. एकच फाइल मोजणीत टाका, प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करा आणि तीच फाइल परत टाका. एकही खण बदलता कामा नये. नंबरापुढचे 0 किंवा +91 हॅश काढण्याआधीच कापून टाका, नाहीतर तेथेही एकाचे दोन होतात.

जिल्हावार मोजणी वेगळी ठेवलीत तर विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांची वर्षभराची रोजची मोजणी ४८ मेगाबाइटच्या आसपास बसते. आठवड्याचा आकडा हवा असेल तर रोजचे आकडे बेरजेला घेऊ नका, कारण तोच माणूस सात वेळा मोजला जाईल. खणागणिक सर्वांत मोठी किंमत घेऊन सात दिवस एकत्र करा (`PFMERGE` हेच करते). असे केल्याने चूक वाढत नाही.

उलट, दोन जिल्ह्यांत सामाईक नंबर किती, हे मात्र यावरून काढू नका. यवतमाळचे ३ लाख, वर्ध्याचे ३ लाख आणि सामाईक २,००० असे धरले, तर एकत्रित मोजणीतलीच चूक पाच हजारांच्या आसपास असते आणि दोन्हींच्या बेरजेतून ती मोजणी वजा केली की उत्तर कधीकधी ऋण येते. त्यासाठी ज्यांचा हॅश ६४ ने निःशेष भागला जातो तेवढेच नंबर दोन्ही जिल्ह्यांत प्रत्यक्ष साठवा. प्रत्येकी साधारण ४,७०० नंबर होतील, त्यांतले सुमारे ३१ सामाईक सापडतील, आणि त्यांना ६४ ने गुणले की २,००० च्या मागेपुढे तीन-चारशेच्या फरकाने उत्तर मिळेल.