'नाही' म्हणत म्हणत माणूस कसा उभा करायचा?

प्रश्न: एका व्यक्तीवर कविता लिहितोय, ती काय नव्हती एवढंच सांगून. पण नुसती नाही-नाहीची यादी होतेय, माणूस दिसतच नाही. काय चुकतंय?

उत्तर:

बहुतेक तुम्ही अशा गोष्टी नाकारताय ज्या कोणी म्हटलेल्याच नव्हत्या. मीही हेच केलं होतं. मावशीवर लिहायचं होतं, पहिला खर्डा असा झाला:

ती समुद्र नव्हती
ती वारा नव्हती
ती फूल नव्हती

आता मावशी समुद्र नव्हती हे कोणाला माहीत नाही? मावशी टेबलही नव्हती. समुद्राच्या जागी डोंगर टाका, कवितेला काही फरक पडत नाही, म्हणजे ती ओळ तिच्याबद्दल नाहीच. तेव्हापासून एक सवय लावून घेतली, प्रत्येक ओळीतला नकार काढायचा आणि उरलेलं वाक्य कोणाच्या तरी तोंडात घालून बघायचं. 'मावशी फूल होती' असं आमच्यात कोणी म्हणणार नाही. पण 'मावशी बिचारी होती' हे मी पन्नास वेळा ऐकलंय, तेही वेगवेगळ्या आवाजात. मग 'मावशी बिचारी नव्हती' असं लिहिलं की त्या ओळीत आपोआप दोन माणसं येतात, एक ते म्हणणारं आणि एक ते खोडणारं, आणि वाचणारा लगेच कान टवकारतो.

शाळेत अपन्हुती अलंकार शिकला असाल, ते 'हे आकाश नाही, समुद्र आहे, हा चंद्र नाही, होडी आहे' वालं. तिथे नकार म्हणजे फक्त जागा रिकामी करणं असतं, लगेच दुसरी प्रतिमा येऊन बसते. तुम्हाला जे हवंय त्यात जागा रिकामीच ठेवायचीय, आणि अवघड तेच आहे, कारण तीन ओळी झाल्या की हात शिवशिवतो आणि आपण शेवटी 'ती फक्त आई होती' असलं काहीतरी लिहून मोकळे होतो. (असला शेवट दिसला की मला कविता परत सुरुवातीपासून वाचावीशीच वाटत नाही, पण ते माझं मत.) उपनिषदातलं 'नेति नेति' पण इथे फार उपयोगी नाही, ब्रह्माला कुठलाच शब्द पुरत नाही म्हणून तिथे सगळेच पुसायचे असतात. माणसाच्या बाबतीत मोजके पुसायचे, म्हणजे राहिलेल्या जागेला त्याच माणसाचा आकार येतो.

आता मराठीची एक गंमत, जिचा फायदा आपण घेतच नाही. आपल्याकडे नकार सहसा वाक्याच्या शेवटी येतो. 'ती संध्याकाळी खिडकीत बसून कोणाची वाट बघत नव्हती' हे वाचताना शेवटच्या शब्दापर्यंत ती खिडकीत बसलेलीच असते, वाटही बघत असते, आणि मग एका 'नव्हती'ने ते पुसलं जातं, पण दिसलेलं तर दिसलंच ना. म्हणजे ओळ जितकी लांब तितकं चित्र जास्त वेळ टिकतं आणि पुसल्याचं जास्त जाणवतं. उलट 'ना वाट, ना खिडकी' असा नकार पुढे आणला की चित्र उभंच राहत नाही, नुसता ठेका राहतो. गाण्यात चालून जाईल, इथे मी टाळतो.

आणि दुसरं म्हणजे आपला नकार एकाच प्रकारचा नाही, 'बोलली नाही' ही एका वेळची गोष्ट, 'बोलायची नाही' ही सवय, 'बोलेना' म्हणजे समोरचा वाट बघतोय आणि ही अडून बसलीय, आणि 'बोलवेना' म्हणजे मनात असून जमत नाहीये. चारही ठिकाणी गप्पच आहे माणूस, पण चार वेगळी माणसं आहेत! तुमच्या यादीत सगळीकडे 'नव्हती, नव्हती, नव्हती' असेल तर ती यादी वाटणारच, कारण क्रियापद काही कामच करत नाहीये. (अशा यादीतलं 'नव्हती' बहुतेक विशेषणांना आणि नामांना चिकटलेलं असतं, म्हणून ते सारखं यायला लागलं की समजायचं आपण तिला काही करू देत नाही आहोत, नुसती लेबलं लावतोय आणि काढतोय.)

तर बऱ्याच खाडाखोडीनंतर माझी ही झाली:

मावशी बिचारी नव्हती.
शांतही नव्हती, बोलायची नाही एवढंच.
दार कधी आपटायची नाही.
रात्री झोपताना ते लावायचीच नाही.
कुणी येणार होतं, असं नाही.
मला विचारवेना.

फार भारी नाहीये, पण यात काय चाललंय ते सांगतो. पहिल्या दोन ओळी लोकांच्या बोलण्याला उत्तर आहेत. तिसरीत वाचणाऱ्याला वाटतं की सोशिक बाई असणार, मग चौथीत तेच दार परत येतं आणि अर्थ फिरतो, आपटायला दार आधी लावायला तर पाहिजे. आणि पाचवी ओळ वेगळ्या जातीची आहे. 'कोणी येणार होतं का' असं कोणी विचारलेलंच नव्हतं. न विचारता दिलेला नकार आला की संशय येतो, रोजच्या जगण्यातही येतोच की, कोणी आपणहून म्हणालं 'मी काही तुझ्या ड्रॉवरला हात लावला नाही' तर आपण आधी ड्रॉवर उघडतो. तर मी वर जे म्हटलं की कोणी म्हटलेलंच नाकारा, त्याच्या हे बरोबर उलट आहे, म्हणूनच असा नकार कवितेत एकदाच, फार तर दोनदा, आणि तोही उशिरा. पहिल्याच ओळीत आला तर त्याच्यामागे संशय धरायला काही नसतं.

एक सापळा अजून आहे. ज्याचा आपल्याला राग आलाय अशा माणसावर लिहायला घेतलं की 'फोन केला नाहीस, भेटायला आला नाहीस' अशा ओळी पडतात. यात प्रत्येक नाहीच्या पाठीमागे 'करायला हवा होता' दडलेलं असतं, त्यामुळे दिसतो तो लिहिणारा आणि त्याची तक्रार, समोरचा माणूस दिसतच नाही. तक्रारच लिहायची असेल तर खुशाल लिहा, पण माणूस दाखवायचा असेल तर त्याने काय केलं नाही यातलं तेच घ्या जे न करायचं त्याचं त्यानेच ठरवलं असेल, मावशीच्या दारासारखं.

किती ओळी? मी वीस लिहिल्या होत्या, सहा ठेवल्या. काढलेल्यांमध्ये एक मला फार आवडायची, 'तिच्या हातात कधी पत्र दिसलं नाही'. पण ती ठेवली की दाराचं कारण फारच स्पष्ट व्हायचं, म्हणून गेली. आणि शेवटची ओळ बरेच दिवस 'मी विचारलं नाही' अशी होती. ती वाचून बहिणीने विचारलं, 'का नाही विचारलंस, भांडण झालं होतं का तुमचं?' त्याच दिवशी 'विचारवेना' केलं.