शिट्टी न वाजवणारा कुकर आणि अरबी ‘तंबी’

मुलगा कुवेतला असतो. त्यानं विजेवर चालणारा प्रेशर कुकर आणून दिला. पुस्तिका अरबीत, म्हणून त्याच्या मित्रानं मराठी कागद करून दिला. त्यात लिहिलंय, ‘शिट्टी झाल्यावर पूर्ण दाबून झाल्याशिवाय झाकण उघडू नये.’ शिट्टी तर होऊनच नाही राहिली, नुसतं टीं-टीं वाजते. ते वाजल्यावर मी दोन्ही हातांनी झाकण दाबून पाहिलं, तरी उघडलं नाही. सून म्हणते, जोर लावा. वय ७१ आहे, तेवढा जोर नाही.
— एक वाचक, महाल

जोर नाही हे फार बरं झालं. सूनबाईंनाही लावू देऊ नका. झाकण उघडलं नाही, कारण आत वाफ कोंडलेली होती आणि कुकरनं आपलं काम चोख केलं.

तुम्ही पाठवलेल्या फोटोतलं मूळ वाक्य मी वाचलं. मी अकरा वर्षं मस्कतला घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीत होतो, त्यामुळे ही वाक्यं माझ्या ओळखीची आहेत. तुमच्या मुलाच्या मित्राचं अरबी वाईट नाही. तो दोन शब्दांवर घसरला, आणि दोन्ही ठिकाणी कुणीही घसरेल.

पहिला शब्द ‘तनबीह’. आपली ‘तंबी’ इथूनच आली. अरबीत त्याचा अर्थ लक्ष वेधणं. सावधगिरीची सूचनाही तनबीह, आणि यंत्राचा टीं-टीं आवाज म्हणजे ‘तनबीहचा आवाज’. मित्राच्या डोळ्यांपुढे नागपूरचं स्वयंपाकघर होतं. कुकरचा आवाज म्हटल्यावर त्याला शिट्टीच सुचली. पण आपल्या गॅसवरच्या कुकरची शिट्टी म्हणजे वाफ बाहेर पडते आहे. या कुकरचा टीं-टीं फक्त घड्याळाचा आहे. शिजवण्याची वेळ संपली, एवढंच तो सांगतो. त्या क्षणी आतला दाब अजिबात उतरलेला नसतो. काही मॉडेलांत तर दाब पुरेसा चढून वेळ मोजायला सुरुवात झाली की एकदा वाजतं आणि शेवटी पुन्हा वाजतं. पहिल्या आवाजाला कुणी झाकणाशी खेळायला गेलं तर बघायलाच नको.

दुसरा शब्द ‘दग़्त’. दाब आणि दाबणं, दोन्हीला अरबीत हाच शब्द. पुस्तिकेत बटण ‘दाबा’ असं पानापानावर असतं, म्हणून मित्रानं इथेही दाबायलाच लावलं. मूळ वाक्य साधं आहे: आवाज आल्यानंतरही आतला दाब पूर्ण निघून जाईपर्यंत झाकण कधीही उघडू नका. तुम्ही वाफ जायची वाट बघण्याऐवजी झाकण दाबत बसलात, यात तुमची चूक काहीच नाही.

आता दाब गेला हे ओळखायचं कसं? झाकणावर वाफ सोडायच्या खटक्याजवळ हरभऱ्याएवढी धातूची खुंटी असते. दाब चढला की ती वर येते आणि झाकण अडकवून ठेवते. दाब उतरला की ती आपोआप खाली बसते. खुंटी वर असेपर्यंत झाकणाला हात नाही. घड्याळावर विसंबू नका. सहा लिटरचा कुकर अर्धा भरून वरण लावलं तर खुंटी बसायला पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात, कधी जास्तही. खटका वळवून वाफ लगेच सोडता येते, पण डाळ, तांदूळ, चणे असं फेसाळणारं काही असेल तर तसं करू नका. वाफेबरोबर फेस उसळतो, भोकात अडकतो आणि हातावरही उडतो. मटणाच्या रश्श्याला खटका वळवायचा असेल तर लांब दांड्याच्या डावानं वळवा, तोंड आणि हात वाफेच्या रेषेतून बाजूला ठेवून.

आणि खुंटी तासाभरानंतरही वरच असेल तर? प्लग काढा, कुकर तसाच पूर्ण गार होऊ द्या. काडी-सुई घालून खुंटी खाली ढकलू नका. बहुतेक वेळा मागच्या डाळीचा फेस वाळून भोक बुजलेलं असतं. म्हणून दर वेळी कुकर लावण्याआधी झाकण उलटं करून बघा: भोक मोकळं आहे ना, आणि बोटानं ढकलली तर खुंटी वर-खाली होते ना. पुस्तिकेत हे वाक्य आहे, तुमच्या मराठी कागदावर मात्र ते गळलंय. तसंच भरायची मर्यादाही: एरवी दोन-तृतीयांश, आणि फुगणाऱ्या पदार्थांसाठी अर्ध्यापर्यंतच.

तुमच्या कागदावरचं ते वाक्य खोडा आणि मुलाला ठळक अक्षरांत हे लिहून द्यायला सांगा: ‘टीं-टीं वाजलं तरी थांबा. खुंटी खाली बसल्यावरच झाकण उघडा.’

*

दुबईहून आणलेल्या उपकरणाच्या मराठी कागदावर पहिलीच ओळ आहे, ‘यंत्र जमिनीवर ठेवणे बंधनकारक.’ सौ.चे गुडघे दुखतात, तिला खाली बसून स्वयंपाक जमत नाही. ओट्यावर ठेवलं तर चालणार नाही का?
— एक वाचक, धरमपेठ

ओट्यावरच ठेवा. मूळ शब्द ‘तारीद’ आहे. अरबीत ‘अर्द’ म्हणजे जमीन, आणि तारीद म्हणजे आपला इलेक्ट्रिशियन ज्याला अर्थिंग म्हणतो ते. ‘उपकरणाला अर्थिंग असलंच पाहिजे’ हे वाक्य तुमच्या कागदावर फरशीवर येऊन बसलं. मस्कतच्या कामात मी हीच चूक उलट दिशेनंही पाहिली आहे: खरोखर सपाट जागेवर ठेवायला सांगितलेलं यंत्र एकानं तारेनं नळाला बांधलं होतं.

पण गंमत सोडा, खरी काळजी इथेच आहे. आखातातून आलेल्या उपकरणाला बहुधा तीन चपट्या, चौकोनी पिनांचा प्लग असतो. तो आपल्या सॉकेटमध्ये जात नाही, म्हणून माणूस बर्डीवरून स्वस्तातलं अडॅप्टर आणतो. त्याची भिंतीकडची बाजू बघा. तिथे दोनच पिना असतील तर तिसरी, म्हणजे अर्थिंगची तार, अडॅप्टरमध्येच संपली. उपकरण छान चालतं, म्हणून कुणाला संशयही येत नाही. आतली तार कधी बॉडीला लागली की मग ओल्या हाताला झिणझिण्या येतात, किंवा त्याहून वाईट. तीन पिनांचं चांगलं अडॅप्टर घ्या, नाहीतर इलेक्ट्रिशियनकडून प्लगच बदलून घ्या. हजार वॉटचं उपकरण २३० व्होल्टवर सुमारे साडेचार अँपिअर ओढतं, दोन हजार वॉटचं जवळजवळ नऊ. म्हणजे हीटर असेल तर १६ अँपिअरचाच सॉकेट हवा.

घर जुनं असेल तर सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागे तार आहे का, हेही तपासून घ्या. आपल्याकडे मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि मग तो असून नसल्यासारखा होतो. त्यात पाणी घालायची जुनी पद्धत अडाणी नव्हती. त्या जोडीला विजेची गळती ३० मिलिअँपिअर झाली की वीज तोडणारा ईएलसीबी असावा.

दुबईच्या वस्तूला व्होल्टेजचा प्रश्न नाही. सौदीची असेल तर मात्र मागची पट्टी वाचा. तिकडे वीज ६० हर्ट्झची आहे आणि पूर्वी घरात १२७ व्होल्ट असायचे. नुसती १२७ ची वस्तू आपल्या सॉकेटमध्ये थेट लावली तर जळेल.

*

कुकरच्या सूचनांमध्ये लिहिलंय, ‘दुबळ्या व मंदबुद्धी व्यक्तींनी हे वापरू नये.’ माझ्या हाताला कंप आहे, ऐकायलाही कमी येतं. मुलीनं वाचून दाखवलं आणि मी ती वस्तू कपाटात ठेवून दिली.
— एक वाचक, मानेवाडा

कपाटातून काढा. हे वाक्य तुमच्यासाठी कुणी मुद्दाम लिहिलेलं नाही. घरगुती विद्युत उपकरणांच्या आयईसी ६०३३५ या आंतरराष्ट्रीय मानकातून ते आलं आहे आणि जगभरातल्या पुस्तिकांत जवळजवळ त्याच शब्दांत छापलेलं असतं. मूळ अरबीत शब्द आहेत शरीराची, ज्ञानेंद्रियांची किंवा मनाची क्षमता कमी असलेल्या व्यक्ती. ‘मंदबुद्धी’ ही भाषांतरकाराची भर आहे, आणि मला तिची लाज वाटते.

त्याहून मोठी गफलत म्हणजे वाक्याचा दुसरा अर्धा भागच गेला. तिथे ‘इल्ला इज़ा’ आहे, म्हणजे ‘याखेरीज की’. अशा व्यक्तींच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या माणसानं सोबत लक्ष दिलं किंवा वापर शिकवला, तर त्यांनी जरूर वापरावं. मुलीनं दोन-तीनदा समोर उभं राहून करून घेतलं की झालं. कंप असेल तर गरम भांडं उचलायचं आणि वाफ सोडायची कामं तिच्याकडे द्या. ऐकू कमी येतं, म्हणून आवाजाऐवजी दिव्याकडे बघा.

*

शेजारचे काका उर्दू वाचतात. अरबी पुस्तिका त्यांच्याकडून वाचून घेतली तर चालेल का?
— एक वाचक, इतवारी

अक्षरं वाचतील, अर्थ मात्र अर्धवट लागेल. ओळखीचे शब्दच फसवतात. ‘इशारा’ म्हणजे आपल्याला धोक्याची सूचना वाटते. अरबी पुस्तिकेत बऱ्याचदा तो नुसता चालू-बंदचा दिवा असतो. आकड्यांतही चार आणि सहा उर्दूत वेगळे लिहितात.

आकड्यांचं तुम्हालाही सांगतो. अरबी पाच आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि त्यांचा शून्य म्हणजे फक्त ठिपका. १५ मिनिटं आपल्याला १० दिसतात. आकडे मात्र डावीकडूनच वाचायचे, बाकी ओळ उजवीकडून असली तरी.

*

वडिलांसाठी (वय ७६, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय) मी स्वतः कागद तयार करतोय. अरबीचा जाणकार मित्र अर्थ सांगेल, मराठी मी लिहीन. काय सांभाळू?
— एक वाचक, प्रतापनगर

अरबीत नकार सुरुवातीला येतो. ‘ला’ म्हटलं की वाचणारा थांबतो, मग पुढे काय करायचं नाही ते कळतं. आपलं ‘नका’ शेवटी येतं. ‘कुकरचा बाहेरचा भाग पाण्यात बुडवून धुऊ’ इथे ओळ संपली आणि ‘नका’ खालच्या ओळीत गेलं, तर अधू डोळ्यांच्या माणसाला उलटाच हुकूम मिळाला. म्हणून नकाराच्या वाक्याची सुरुवात ‘कधीही’ने करा, वाक्य एका ओळीत मावेल एवढं ठेवा आणि ‘नका’ जाड करा. ‘नये’ टाळा, ते सल्ल्यासारखं वाटतं.

बहुतेक पुस्तिकांत तीन पायऱ्या असतात. ‘खतर’ म्हणजे जीव जाईल किंवा मोठी इजा होईल, ‘तहज़ीर’ म्हणजे तशी शक्यता आहे, आणि ‘तनबीह’ म्हणजे किरकोळ इजा किंवा वस्तूचं नुकसान. मराठीत सगळ्यांना ‘सावधान’ लिहू नका. पहिल्या दोन पायऱ्यांच्या सूचना वेगळ्या कागदावर घ्या, बहुधा सात-आठच निघतील, आणि तो ओट्याच्या वरच्या भिंतीवर लावा. उरलेल्या पुस्तिकेत ठेवा. शेवटी बिघाडाचा तक्ता असेल तर त्याचे रकाने उजवीकडून सुरू होतात: आधी बिघाड, मग कारण, मग उपाय. डावीकडून उतरवलात तर वडील उपायालाच बिघाड समजतील.

कागद झाला की त्यांना वाचायला सांगा आणि ‘आता काय कराल?’ असं विचारा. ‘समजलं का’ विचारलंत तर ते हो म्हणतील.